तुलना तेवढ्याच, खेपा कमी: डेटाबेसचा इंडेक्स रुंद आणि बुटका का असतो

प्रश्न: कॉलेजात शिकलो की बॅलन्स्ड बायनरी ट्रीमध्ये शोध लॉग एन मध्ये होतो. बी-ट्रीमध्ये पण लॉग एनच. मग पोस्टग्रेस, मायएसक्यूएल सगळे बी-ट्रीच का वापरतात? आणि हे सगळं जुन्या फिरत्या डिस्कसाठी होतं म्हणतात, मग आता एसएसडी असताना पण याचा फायदा आहे का?

उत्तर:

लॉग एन दोन्हीकडे आहे हे बरोबर, पण कॉलेजात जो लॉग एन मोजतात तो तुलनांचा असतो, म्हणजे "हा आकडा मोठा की लहान" असं किती वेळा विचारावं लागलं त्याचा. डेटाबेसला तुलनेचं काहीच वाटत नाही, प्रोसेसर एका सेकंदात अशा कोट्यवधी तुलना करतो. डेटाबेसला महाग पडतं ते पेज आणणं. डिस्कवरून एक बाइट हवा असला तरी तो सुटा मिळत नाही, अख्खा ब्लॉक उचलून आणावा लागतो, म्हणून पोस्टग्रेस सगळा डेटा ८ केबीच्या पेजमध्ये ठेवतो आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी १६ केबीच्या. तेव्हा खरा प्रश्न असा विचारायला हवा की एक नोंद शोधायला किती वेगवेगळ्या पेजना हात लावावा लागला. माझ्या अनुभवात बी-ट्री समजायला हा एवढा बदल पुरतो, बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं.

एक केस धरून पूर्ण आकडे काढू, म्हणजे हवेत बोलणं नको. पोस्टग्रेसमध्ये १ कोटी ओळींचं टेबल आहे, `bigint` चा `id` आहे, त्यावर इंडेक्स आहे. तुमच्या मशीनवर पण करून बघता येईल:

```sql
CREATE TABLE nondi AS
  SELECT g::bigint AS id, md5(g::text) AS khun
  FROM generate_series(1, 10000000) g;
CREATE UNIQUE INDEX nondi_id ON nondi (id);
CREATE EXTENSION pageinspect;
SELECT level FROM bt_metap('nondi_id');
```

उत्तर २ येतं. पोस्टग्रेस लेव्हल खालून मोजतो, लीफ म्हणजे शून्य, त्यामुळे २ म्हणजे एकूण तीन मजले: वर रूट, मध्ये एक थर, खाली लीफ. एक कोटी नोंदी आणि तीन मजले.

हे कसं जमतं ते बघा. पेज ८१९२ बाइटचं, त्यातले ४० बाइट पेजच्या स्वतःच्या हिशोबाला जातात, उरले ८१५२. एका एंट्रीला लागतात २० बाइट: ८ बाइटचा आकडा, ८ बाइटचा हेडर (ओळ टेबलात कुठे आहे तो पत्ता त्यातच असतो), आणि ४ बाइट पेजच्या आतल्या छोट्या पॉइंटरला. म्हणजे ठासून भरलं तर एका पेजमध्ये ४०७ एंट्री. पण पोस्टग्रेस लीफ पेज मुद्दाम ९० टक्केच भरतो, पुढे मध्येच कोणी घुसलं तर जागा असावी म्हणून, त्यामुळे एका लीफमध्ये ३६६ नोंदी बसतात. वरच्या मजल्यांची पेजेस तर ७० टक्केच भरतो, तिथे साधारण २८५ वाटा बसतात. आता भागाकार करा. १ कोटी भागिले ३६६ म्हणजे सुमारे २७,३०० लीफ पेज. ही सगळी सांभाळायला वर २७,३०० भागिले २८५, म्हणजे ९६ पेज. आणि त्या ९६ ना सांभाळायला एकच रूट. सगळा इंडेक्स सुमारे २१४ एमबी, आणि त्यातला लीफ सोडून जो भाग आहे तो फक्त ९७ पेजचा, म्हणजे पाऊण एमबीच्या आसपास.

हा ९७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुलना मोजू. रूटमध्ये ९६ एंट्री आहेत, त्यात बायनरी सर्चच होतो, साधारण ६.६ तुलना. मधल्या पेजमध्ये २८५, म्हणजे ८.२ तुलना. लीफमध्ये ३६६, म्हणजे ८.५. बेरीज करा: २३.३. आणि १ कोटीचा बेस दोनचा लॉग किती? २३.३च. म्हणजे बी-ट्रीने तुमची एकही तुलना वाचवली नाही, बायनरी ट्रीला जेवढ्या लागल्या असत्या तेवढ्याच इथे लागल्या. फक्त बायनरी ट्रीमध्ये त्या २४ तुलना २४ वेगळ्या नोडमध्ये विखुरलेल्या असतात आणि इथे त्या तीन पेजमध्ये गोळा करून ठेवल्यात. घराचं काम काढलंय आणि सामान तालुक्याच्या गावी मिळतं, तर एकेका खिळ्यासाठी एकेक खेप कोणी करत नाही, गेल्यावर खोकंच उचलून आणतात, कारण वेळ खिळा निवडण्यात जात नाही, जाण्यायेण्यात जातो.

जाण्यायेण्याचा खर्च किती ते पण बघू. ७२०० आरपीएमची फिरती डिस्क घेतली तर एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.२. त्यात हेड सरकायला आणखी आठेक धरा, म्हणजे एक खेप साधारण १२ मिलिसेकंद. २४ खेपा म्हणजे २८८ मिलिसेकंद, एका नोंदीसाठी. तीन खेपा म्हणजे ३६. आणि प्रत्यक्षात तीन पण होत नाहीत, कारण प्रत्येक शोध वरच्या त्या ९७ पेजेसमधूनच जातो म्हणून ती रॅममधून हलतच नाहीत. शेवटी खऱ्या डिस्कवर होणारी इंडेक्सची खेप एकच उरते, लीफची.

इथे चांगले लोक एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे: कॅशचा फायदा बायनरी ट्रीला पण द्या ना! तर देऊ. बायनरी ट्रीचा एक नोड धरा ३२ बाइटचा: आकडा, डावी वाट, उजवी वाट, ओळीचा पत्ता. एका पेजमध्ये अडीचशे नोड बसतील. पण कोणते अडीचशे? जे एकामागून एक इन्सर्ट झाले ते, ट्रीमध्ये एकमेकांचे शेजारी असलेले नव्हे. त्यामुळे रूटपासून खाली येताना जवळजवळ प्रत्येक पायरीला पेज बदलतं. वरचे १२ मजले रॅममध्ये धरून ठेवायचे म्हटलं तर ४०९५ नोड, आणि ते विखुरलेले असल्यामुळे तेवढीच पेजेस, म्हणजे ३२ एमबी रॅम खर्च करून तुम्ही अर्ध्या वाटेवर पोचलात, खालचे १२ मजले अजून डिस्कवरच आहेत. तिकडे पाऊण एमबी रॅममध्ये बी-ट्रीचे लीफ सोडून सगळे मजले बसले.

मग पुढचा विचार आपोआप येतो की बायनरी ट्रीचेच जवळजवळचे आठ मजले, म्हणजे २५५ नोड, मुद्दाम एका पेजमध्ये ठेवले तर? २४ मजले भागिले ८, तीन पेज. बरोबर, आणि असं केलं की तुम्ही बी-ट्रीच्या दारातच येऊन उभे राहता. बी-ट्रीचं एक पेज म्हणजे बायनरी ट्रीचे आठ-नऊ मजले एकत्र दाबून ठेवलेले, असंच समजा. पण मग आतल्या आत ते डावे-उजवे पॉइंटर कशाला हवेत, एंट्री क्रमाने लावून ठेवल्या की बायनरी सर्च तसाही होतो. पॉइंटर काढले की तेवढी जागा वाचते, आणि वाचलेल्या जागेत आणखी एंट्री बसतात.

पण खरी अडचण शोधण्यात नाही, इन्सर्टमध्ये आहे, आणि पुस्तकात यावर फार कमी वेळ घालवतात असं मला नेहमी वाटतं. बायनरी ट्री बॅलन्स ठेवायचा म्हणजे रोटेशन करावं लागतं, एव्हीएल असो की रेड-ब्लॅक. रोटेशनमध्ये दोन-तीन नोडचे पॉइंटर बदलतात. रॅममध्ये याची किंमत नगण्य, पण डिस्कवर ते नोड वेगवेगळ्या पेजमध्ये असले तर प्रत्येक पेज परत लिहावं लागतं, प्रत्येकाची नोंद डेटाबेस बदलांचा जो लॉग ठेवतो त्यात, म्हणजे वॉलमध्ये, जाते, प्रत्येकावर लॉक लागतं. आणि तुम्ही मगाशी हौसेने जे आठ मजले एका पेजमध्ये बसवले होते त्यातला एक नोड रोटेशनमुळे वर सरकला की ती मांडणी बिघडली, आता परत सगळं हलवा.

बी-ट्रीमध्ये रोटेशन नाहीच. नवी नोंद आली की तिचं लीफ शोधायचं, जागा असेल तर तिथे घालायची, संपलं, एक पेज बदललं. जागा नसेल तर ते लीफ फोडून दोन करायची, अर्ध्या नोंदी इकडे अर्ध्या तिकडे, आणि वरच्या पेजला फक्त एक ओळ कळवायची की "अमुक आकड्यापासून पुढे या नव्या पेजमध्ये". वरचं पण भरलेलं असेल तर ते फुटतं, असं करत क्वचित रूटपर्यंत जातं, आणि रूट फुटला की त्याच्या डोक्यावर नवीन रूट येतो. म्हणजे हे झाड खालून नाही, वरून वाढतं. त्यामुळेच सगळी लीफ कायम एकाच खोलीवर राहतात, बॅलन्स ठेवायला वेगळं काही करावंच लागत नाही. आणि फुटणं किती वेळा होतं? पेजमध्ये चारशे एंट्री मावतात आणि फुटल्यावर निम्मी रिकामी होतात, म्हणजे ढोबळमानाने दोनशे इन्सर्टमागे एकदा. बाकीचे एकशे नव्याण्णव इन्सर्ट एका पेजवर भागतात.

हे डोकं रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट या दोघांचं, बोइंगच्या संशोधन प्रयोगशाळेत, १९७० साली, सविस्तर पेपर १९७२ ला आला. त्यांनी आयबीएम ३६०/४४ वर करून बघितलं होतं, १५ हजार नोंदींच्या इंडेक्सवर सेकंदाला सरासरी ९ व्यवहार. आणि त्यांचं गणित असं होतं की इंडेक्स १५ लाखांचा केला तरी सेकंदाला निदान दोन व्हायला हवेत. शंभरपट डेटा आणि वेग साधारण चार-पाचपटच कमी. त्या काळच्या डिस्कवर हे म्हणजे फार मोठी गोष्ट होती आणि मला अजूनही तो पेपर वाचताना छान वाटतं.

आज डेटाबेस जे वापरतात ते तंतोतंत त्यांचं मूळ रूप नाही, त्याला बी-प्लस ट्री म्हणतात. फरक असा की ओळींचे पत्ते फक्त लीफमध्ये असतात, वरच्या मजल्यांवर नुसत्या पाट्या, "इथून पुढचं या वाटेने". आणि सगळी लीफ एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात. त्यामुळे `WHERE id BETWEEN 5000 AND 9000` असलं काही आलं की एकदाच वरून खाली यायचं आणि मग लीफ ते लीफ आडवं चालत जायचं, चार हजार नोंदींना अकरा-बारा पेज लागतात. बायनरी ट्रीमध्ये हेच करायला सतत वर-खाली करावं लागतं आणि प्रत्येक पाऊल कुठल्यातरी तिसऱ्याच पेजवर. खरं सांगायचं तर नुसत्या या एका कारणासाठी सुद्धा मी बी-ट्री घेतला असता, कारण खऱ्या अॅप्लिकेशनमध्ये तारखेची रेंज आणि `ORDER BY ... LIMIT` हे एक नोंद शोधण्याइतकंच चालतं.

आता एसएसडी. चांगली एनव्हीएमई एसएसडी एक रँडम पेज साधारण १०० मायक्रोसेकंदांत देते, म्हणजे फिरत्या डिस्कपेक्षा शंभरपटीहून जलद. मग २४ खेपा म्हणजे अडीच मिलिसेकंदसुद्धा नाहीत, काय बिघडलं? पण रॅममधून आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. ते प्रमाण डोळ्यासमोर आणायचं असेल तर असं करा, रॅममधून आणायला एक सेकंद लागला असं समजा, मग एसएसडीवरून आणायला साधारण पावणेसतरा मिनिटं लागतात, आणि फिरत्या डिस्कवरून ३३ तासांच्या आसपास. ३३ तासांवरून पावणेसतरा मिनिटांवर आलो हे खूप झालं, पण अजूनही समोर एक सेकंद आहे. शिवाय एसएसडी पण ३२ बाइट देत नाहीच, ती पण ४ केबी किंवा तत्सम ब्लॉकच देते, तुमच्या नोडला हवे होते ३२ बाइट आणि बाकीचे चार हजार फुकट आले आणि फुकट गेले. आणि लिहिताना तर एसएसडीला आणखी त्रास, कारण ती जुन्या जागेवर लिहू शकत नाही, मोठा ब्लॉक पुसून मगच. त्यामुळे "थोड्या पेजना हात लावा" हा नियम एसएसडीवर तसाच लागू पडतो.

अगदी सगळं रॅममध्ये असलं तरी हीच कथा एक मजला खाली सरकते, कारण प्रोसेसर पण रॅममधून सुटा बाइट आणत नाही, ६४ बाइटची कॅश लाइन आणतो. म्हणून रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत जो क्रमवार मॅप आहे, `BTreeMap`, तो बी-ट्रीच आहे, एका नोडमध्ये जास्तीत जास्त ११ नोंदी. डिस्कचा काही संबंध नाही तिथे.

मग उलटा प्रश्न, रुंद चांगलं तर आणखी रुंद का नाही, पेज ८ केबीऐवजी १ एमबीचं करू की! तर आपल्या केसमध्ये बघा, वरची ९७ पेजेस आधीच रॅममध्ये आहेत, डिस्कची खेप एकच राहिलीये. पेज मोठं करून एकाचं शून्य होणार नाही. होणार एवढंच की त्या एका खेपेत ८ केबीऐवजी १ एमबी ओढून आणाल, एका नोंदीसाठी रॅममधला १ एमबी अडवाल, आणि एक नोंद बदलली की १ एमबी परत लिहाल. म्हणून बहुतेक डेटाबेस ४ ते १६ केबीच्या मध्ये थांबलेत.

आता खरोखर कुठे बिघडतं ते सांगतो, कारण "तीन मजले" ही तुम्हाला मिळालेली हमी नाही, ती एंट्रीच्या आकारावर अवलंबून आहे. समजा `bigint` ऐवजी तुम्ही वेब पत्त्यांच्या कॉलमवर इंडेक्स केला, सरासरी २०० बाइटचे पत्ते. एक एंट्री आता २२० बाइटची झाली. लीफमध्ये ३६६ ऐवजी ३३, वरच्या पेजमध्ये २८५ ऐवजी २५ वाटा. तोच १ कोटीचा भागाकार परत करा: ३ लाख लीफ, वर १२ हजार, वर ४८५, वर २०, वर रूट. पाच मजले आणि इंडेक्स २१४ एमबीवरून अडीच जीबीच्या घरात. रुंद ट्रीचा फायदा एंट्री बारीक असेपर्यंतच असतो, एंट्री जाड झाली की ट्री परत उंच व्हायला लागतो. नुसतं "बरोबर हाच पत्ता आहे का" एवढंच शोधायचं असेल तर पत्त्याच्या हॅशवर इंडेक्स करा आणि मूळ पत्ता ओळीत ताडून बघा, पण मग क्रमाने शोधणं, "अमुकने सुरू होणारे" वगैरे विसरा. इनोडीबी वापरत असाल तर आणखी एक काळजी, तिथे अख्खी ओळच प्रायमरी की च्या लीफमध्ये राहते आणि बाकीचा प्रत्येक इंडेक्स ओळीचा पत्ता म्हणून प्रायमरी कीच सोबत बाळगतो, म्हणजे प्रायमरी की जाड केली की टेबलावरचे सगळे इंडेक्स एकदम जाड होतात.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगलीये, आणि ती उंची बघून कळत नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. एका ठिकाणी काम करताना टेबलाची प्रायमरी की यूयूआयडी होती, रँडमवाली, व्हर्जन ४. सुमारे ४ कोटी ओळी. सेकंदाला शंभरेक इन्सर्ट, म्हणजे काही फार नाही. पण डिस्कवरचं लिखाण प्रचंड आणि रेप्लिका सारखी मागे पडायची. आम्ही आधी क्वेरी तपासत बसलो, त्यात दोन दिवस गेले. ट्रीची लेव्हल बघितली तर ३, म्हणजे चार मजले, क्रमवार आकडे असते तरी तेवढेच झाले असते. शोध पण व्यवस्थित जलद होते.

गडबड अशी होती की क्रमाने वाढणारा `id` असला की नवीन नोंद कायम सगळ्यात उजव्या लीफमध्ये जाते. तेच एक पेज रॅममध्ये गरम राहतं, भरलं की पुढचं. रँडम यूयूआयडी मात्र कुठल्याही लीफमध्ये जाऊन पडतो. रँडम इन्सर्टमुळे पेजेस मधून फुटत राहतात आणि सरासरी ६९ टक्केच भरलेली राहतात, म्हणजे एका लीफमध्ये साधारण २०० नोंदी, ४ कोटींना २ लाख लीफ, दीड जीबीच्या वर. आणि ही दोनही लाख पेजेस सारखीच गरम, कारण पुढची नोंद कुठे पडेल सांगता येत नाही.

त्यावर पोस्टग्रेसचा एक नियम आहे. चेकपॉइंट म्हणजे रॅममधली बदललेली पेजेस डिस्कवर उतरवून घेणं, आणि तो झाल्यानंतर एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लागला की त्या अख्ख्या पेजची प्रत लॉगमध्ये जाते, वीज गेली आणि पेज अर्धवट लिहिलं गेलं तर परत उभं करता यावं म्हणून. चेकपॉइंट मुळात दर ५ मिनिटांनी. ५ मिनिटांत शंभरच्या वेगाने ३० हजार इन्सर्ट झाले. ते २ लाख पेजमध्ये उधळले की जवळजवळ २८ हजार वेगवेगळ्या पेजना हात लागतो. पेजमधली मोकळी जागा वगळून एक प्रत साडेपाच-सहा केबीची, म्हणजे या एका इंडेक्सपायी ५ मिनिटांत दीडशे एमबीच्या वर लॉग. नोंद होती २८ बाइटची! क्रमवार आकडे असते तर तीच ३० हजार इन्सर्ट शे-सव्वाशे पेजमध्ये मावली असती.

ओळखायचं कसं, तर दोन ठिकाणी बघा:

```sql
CREATE EXTENSION pgstattuple;
SELECT tree_level, leaf_pages, avg_leaf_density
FROM pgstatindex('tumcha_index');

SELECT wal_records, wal_fpi, wal_bytes FROM pg_stat_wal;
```

`avg_leaf_density` ९० च्या आसपास असेल तर इंडेक्स घट्ट आहे, ७० च्या खाली-वर घुटमळत असेल आणि तुम्ही फारसं डिलीट करत नसाल तर इन्सर्ट रँडम पडतायत. `wal_fpi` म्हणजे लॉगमध्ये गेलेल्या अख्ख्या पेजच्या प्रती, हा दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा आणि तेवढ्या वेळात झालेल्या इन्सर्टशी ताडून बघा. इन्सर्टच्या बरोबरीने वाढत असेल तर हाच रोग. `pg_stat_wal` व्हर्जन १४ पासून आहे, त्याआधीच्यावर असाल तर हे दिसणार नाही. आणि `pgstatindex` अख्खा इंडेक्स वाचतो, तेव्हा भर दुपारी मोठ्या इंडेक्सवर चालवू नका.

आम्ही घाईघाईत `REINDEX INDEX CONCURRENTLY` केलं, इंडेक्स लहान झाला, आणि पुढचे काही दिवस आधीपेक्षा जास्त त्रास झाला. कारण नवीन इंडेक्समध्ये सगळी पेजेस एकसारखी ९० टक्के भरलेली, रँडम नोंदी सगळीकडे सारख्या पडत गेल्या, आणि मग सगळी पेजेस साधारण एकाच सुमाराला भरून एकापाठोपाठ एक फुटायला लागली. रँडम की वर रीइंडेक्स करायचंच असेल तर `fillfactor` ७० ठेवून करा, म्हणजे जी जागा शेवटी रिकामी राहणारच आहे ती आधीच रिकामी ठेवली जाते.

त्यावर खरा उपाय म्हणजे यूयूआयडी व्हर्जन ७, ज्यात सुरुवातीचे ४८ बिट वेळेचे असतात त्यामुळे नवीन नोंदी परत उजव्या टोकाला पडतात. पोस्टग्रेस १८ मध्ये `uuidv7()` आतच मिळतं, जुन्या व्हर्जनवर अॅप्लिकेशनमधून बनवा. जुन्या ओळी बदलायची गरज नाही, कॉलम तोच, फक्त नवीन ओळींना नवीन पद्धतीचा आयडी द्यायचा. अशा मिश्र इंडेक्समध्ये उजवं टोक मिळत नाही, पण सुरुवातीचे वेळेचे बिट जवळजवळ सारखेच असल्यामुळे नव्या नोंदी जुन्या रँडम नोंदींच्या मधल्याच एका चिंचोळ्या पट्टीत शेजारी शेजारी पडतात आणि तेवढीच पेजेस गरम राहतात. फक्त आयडीवरून ओळ कधी बनली ते कोणालाही काढता येतं, तेव्हा तो बाहेर दाखवत असाल आणि वेळ लपवायची असेल तर बाहेरसाठी वेगळा रँडम कॉलम ठेवा.

आणि हो, वरच्या पहिल्या टेबलावर हे चालवून बघा:

```sql
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT * FROM nondi WHERE id = 7654321;
```

`Buffers` च्या ओळीत `hit` आणि `read` मिळून ४ येतील, तीन इंडेक्सची पेजेस आणि एक टेबलाचं. तुमच्या खऱ्या टेबलावर एका ओळीसाठी हा आकडा ४-५ च्या फार वर गेला असेल तर तो आकडा, इंडेक्सची `\d` आणि `pgstatindex` चं उत्तर इथे टाका, मग नेमकं कुठे अडतंय ते बघता येईल.